निकाल चुकला असे वाटते? आधी उत्तरपत्रिका हातात घ्या

दहावी-बारावीचा निकाल लागला की वस्तीत दोन दिवस पेढे वाटले जातात आणि तिसऱ्या दिवशी काही घरांत कुजबुज सुरू होते. "पेपर चांगला गेला होता, एवढे कमी गुण कसे?" मुलगी रडते, वडील कामावर जातात, आणि कोणीतरी सांगते, "बोर्डाचा निकाल आहे, तो काय बदलणार?" पंधरा दिवस असेच जातात. त्यानंतर खरोखरच काही बदलत नाही, कारण अर्ज करण्याची मुदत संपलेली असते.

२०२५ मध्ये बारावीचा निकाल ५ मे रोजी लागला. गुणपडताळणी आणि उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज घेणे दुसऱ्याच दिवशी, ६ मे रोजी सुरू झाले आणि २० मे रोजी बंद झाले. दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला, तिथे ही मुदत १४ ते २८ मे होती. म्हणजे निकालानंतरचे पंधरा दिवस. या पंधरा दिवसांत काय करायचे आणि कोणत्या क्रमाने करायचे, हे ठाऊक नसल्यामुळे अनेकांची योग्य तक्रारही वाया जाते. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांना मदत करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही प्रक्रिया आतून समजून घ्यायला हवी.

तीन अर्ज, तीन वेगळी कामे

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षेत तीन प्रकारचे अर्ज करता येतात. लोक त्या सगळ्यांना सरसकट "रिचेकिंग" म्हणतात आणि घोळ इथूनच सुरू होतो.

पहिला अर्ज गुणपडताळणीचा. २०२५ मध्ये त्याचे शुल्क प्रत्येक विषयाला ५० रुपये होते. यात तुमचे उत्तर कोणीही नव्याने वाचत नाही. प्रत्येक उत्तर तपासले गेले आहे का, बेरीज बरोबर आहे का, आणि आतल्या पानांवरचे गुण मुखपृष्ठावर व गुणपत्रिकेत नीट उतरले आहेत का, एवढेच पाहिले जाते. परीक्षकाने तीन गुणांच्या उत्तराला एक गुण दिला असेल तर गुणपडताळणीत तो एकच राहणार, मग उत्तर कितीही बरोबर असो.

दुसरा अर्ज छायाप्रतीचा, शुल्क प्रत्येक विषयाला ४०० रुपये. यात तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत तुम्हाला मिळते. परीक्षकाने कुठे खूण केली, कुठे किती गुण दिले, कोणते पान तसेच सोडले, हे सगळे तुमच्या डोळ्यांसमोर येते.

तिसरा अर्ज पुनर्मूल्यांकनाचा, शुल्क प्रत्येक विषयाला ३०० रुपये. यात उत्तर पुन्हा वाचून पुन्हा गुण दिले जातात. मात्र हा अर्ज थेट करता येत नाही. आधी त्या विषयाची छायाप्रत घ्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून कार्यालयीन कामकाजाच्या पाच दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज द्यावा लागतो.

आता सापळा कुठे आहे ते पाहा. घरची परिस्थिती बेताची असल्याने विद्यार्थी सर्वांत स्वस्त असा ५० रुपयांचा अर्ज करतो. काही दिवसांनी उत्तर येते: गुणांत बदल नाही. तो म्हणतो, ठीक आहे, आता पेपर पुन्हा तपासून घेऊ. पण त्यासाठी छायाप्रत हवी आणि छायाप्रतीची मुदत तोवर संपलेली असते. पन्नास रुपयांत त्याने आपला पुढचा रस्ता स्वतःच बंद करून घेतलेला असतो. म्हणून एकच अर्ज करणे परवडत असेल तर तो छायाप्रतीचा करावा. आणखी ५० रुपये जमत असतील तर त्याच विषयाची गुणपडताळणीही त्याच मुदतीत मागावी. अर्ज `mahahsscboard.in` या संकेतस्थळावर स्वतः किंवा शाळा-महाविद्यालयामार्फत ऑनलाइन होतो. शुल्कही तिथेच ऑनलाइन भरायचे असते. शुल्क आणि तारखा दर वर्षी निकालाच्या प्रकटनात दिलेल्या असतात, त्यामुळे त्या वर्षीचे प्रकटन वाचूनच अर्ज भरावा.

एक उदाहरण, आकड्यांसह

हे सगळे प्रत्यक्षात कसे चालते, ते एका कल्पित उदाहरणातून पाहू. नांदेड जिल्ह्यातली एक विद्यार्थिनी बारावी विज्ञान शाखेत उत्तीर्ण झाली. तिला अभियांत्रिकीला जायचे आहे आणि सीईटीत तिला चांगले पर्सेंटाइल मिळाले आहे. पण अभियांत्रिकीच्या पात्रतेसाठी राज्यातल्या मागासवर्गीय उमेदवाराला बारावीच्या तीन ठरलेल्या विषयांत मिळून किमान ४० टक्के, म्हणजे ३०० पैकी १२० गुण लागतात. तिला भौतिकशास्त्रात ३९, रसायनशास्त्रात ४० आणि गणितात ३८ गुण आहेत. बेरीज ११७. तीन गुणांनी तिचे अभियांत्रिकीचे दार बंद होते आहे.

तिघांपैकी कोणत्या विषयाची छायाप्रत घ्यायची? तिन्हींची घ्यायची तर १,२०० रुपये लागतात. तिने परीक्षेनंतर प्रश्नपत्रिकेवर टिपून ठेवलेल्या खुणा पाहिल्या. अंदाज आणि निकाल यांतले सर्वांत मोठे अंतर भौतिकशास्त्रात होते. तिने त्या एका विषयाची छायाप्रत आणि गुणपडताळणी, असे ४५० रुपये भरले.

भौतिकशास्त्राचा लेखी पेपर ७० गुणांचा आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचे असते. तिला प्रात्यक्षिकात १८ आणि लेखी पेपरात २१ गुण मिळाले आहेत. लेखी पेपराची रचना अशी: पहिला प्रश्न दहा बहुपर्यायी उपप्रश्नांचा, १० गुण. दुसरा अतिलघुत्तरी, ८ गुण. प्रश्न ३ ते १४ पैकी कोणतेही आठ, प्रत्येकी २ गुण. प्रश्न १५ ते २६ पैकी कोणतेही आठ, प्रत्येकी ३ गुण. प्रश्न २७ ते ३१ पैकी कोणतेही तीन, प्रत्येकी ४ गुण. छायाप्रत आल्यावर तिने प्रश्नपत्रिका शेजारी ठेवली, एका कोऱ्या कागदावर तक्ता आखला आणि आतल्या पानांवरचा प्रत्येक गुण त्यात उतरवला.

पाच विभागांत तिला अनुक्रमे ५, ३, ६, ६ आणि २ गुण दिसले. बेरीज २२ झाली. मुखपृष्ठावर मात्र २१ लिहिले होते. ही पहिली चूक, एका गुणाची.

दुसरी चूक पुरवणीत सापडली. प्रश्न १९ चे उत्तर तिने पुरवणीच्या शेवटच्या पानावर लिहिले होते. त्या पानावर परीक्षकाची खूण नव्हती, शून्य नव्हते, काहीच नव्हते. उत्तर चुकीचे असते तर तिथे शून्य तरी दिसले असते. कोरे सोडलेले पान सांगते की ते कोणी पाहिलेच नाही.

तिसरी गोष्ट प्रश्न २२ ची. तिथे तीनपैकी एक गुण होता. सूत्र बरोबर, आकडे बरोबर भरलेले, शेवटच्या पायरीत एकक चुकलेले. तिला वाटते की दोन गुण मिळायला हवे होते.

या तीन गोष्टी वेगवेगळ्या जातीच्या आहेत, हे इथे ओळखावे लागते. पहिल्या दोन चुका कागदावर दिसतात. त्यांच्यावर कोणाचे मत विचारण्याची गरज नाही. त्या गुणपडताळणीच्या कक्षेत येतात. तिसरी गोष्ट मताची आहे, तिला फक्त पुनर्मूल्यांकनच लागू पडते.

तिने छायाप्रत विषयाच्या शिक्षकांना दाखवली. त्यांनी प्रश्न १९ चे उत्तर वाचून सांगितले की याला दोन गुण तरी मिळावेत. म्हणजे बेरजेचा एक आणि न तपासलेल्या उत्तराचे दोन, असे तीन गुण होतात. ११७ चे १२० होतात. प्रश्न २२ साठी भांडण्याचीही गरज उरत नाही.

पण गुणपडताळणीचा निकाल अजून आलेला नाही आणि पाच दिवसांचे घड्याळ सुरू झालेले आहे. तिने वाट पाहिली नाही. पाच दिवसांच्या आत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरला आणि सोबत लातूर विभागीय मंडळाच्या विभागीय सचिवांना एका पानाचे पत्र दिले. पत्रात भावना नव्हत्या, फक्त तीन ओळी होत्या: मुखपृष्ठावरील बेरीज २१, आतील बेरीज २२, प्रश्न १९, पुरवणीचे शेवटचे पान, गुणदान झालेले नाही, सोबत त्या पानांच्या प्रती. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तिने आवक शिक्का घेतला. एकूण खर्च ७५० रुपये.

दरम्यान तिने प्रवेशप्रक्रियेतील नोंदणी थांबवली नाही. तात्पुरत्या गुणवत्ता यादीनंतर हरकती नोंदवण्याचे दिवस असतात. सुधारित गुणपत्रिका तोवर हातात आली तर ती तिथे लावता येते. मात्र नोंदणीच केलेली नसेल तर हरकत घ्यायला जागाच राहत नाही. जो विद्यार्थी एखाद्या विषयात अनुत्तीर्ण आहे, त्यानेही पुरवणी परीक्षेचा अर्ज वेळेत भरून ठेवावा. पडताळणीत उत्तीर्ण झाला तर परीक्षा द्यावी लागणार नाही, पण पडताळणीच्या भरवशावर फॉर्म चुकवला तर दोन्ही गेले.

छायाप्रतीत आणखी काय पाहायचे

सर्वांत आधी अक्षर स्वतःचे आहे का ते पाहा. हसण्यासारखी गोष्ट नाही. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घाईने अमलात आणला. निकाल महिनोन्‌महिने रखडले, काही उत्तरपत्रिका सापडल्या नाहीत, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पडद्यावरच्या तपासणीत बेरीज संगणक करतो, त्यामुळे बेरजेची चूक जवळजवळ नाहीशी होते. तिच्या जागी दुसऱ्या चुका येतात: एखादे पान स्कॅनच झाले नाही, पुरवणी दुसऱ्याच्या बारकोडला जोडली गेली, पान इतके फिकट आले की वाचताच येत नाही. म्हणून पाने मोजा. मुखपृष्ठावर पुरवण्यांची संख्या लिहिलेली असते, तेवढ्या पुरवण्या प्रतीत आहेत का ते पाहा. काही उत्तरपत्रिका परीक्षकानंतर नियामक पुन्हा पाहतो. त्याने एखादा गुण बदलला असेल तर बदललेला गुण बेरजेत धरला आहे का, तेही तपासा.

पुनर्मूल्यांकनाला जाण्यापूर्वी आणखी एक गोष्ट समजून घ्या. गुण कमीही होऊ शकतात. सीबीएसईचा नियम स्पष्ट आहे: पुनर्मूल्यांकनात एक गुण कमी झाला तरी तो लागू होतो. विद्यापीठांचे नियम आपापले आहेत. काही ठिकाणी ठरावीक टक्क्यांपेक्षा कमी फरक पडला तर जुनेच गुण कायम राहतात. अर्जावर सही करताना खालच्या बारीक अक्षरातले हमीपत्र पूर्ण वाचा, कारण पुढे तेच तुमच्यासमोर ठेवले जाते.

पाहण्याचा हक्क आहे, पुन्हा तपासून घेण्याचा नाही

उत्तरपत्रिका पाहणे ही मंडळाची मेहेरबानी नाही. पण हा हक्क कुठपर्यंत जातो, तेही माहीत असायला हवे.

या लढ्याची सुरुवात महाराष्ट्रातूनच झाली. राज्य मंडळाच्या जुन्या नियम १०४ नुसार विद्यार्थ्याला फक्त गुणपडताळणी मागता येत होती. उत्तरपत्रिका पाहणे आणि पुनर्मूल्यांकन या दोन्हींना स्पष्ट मनाई होती. विद्यार्थी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८४ मध्ये परितोष भूपेशकुमार सेठ प्रकरणात न्यायालयाने मंडळाची बाजू घेतली. नियमात पुनर्मूल्यांकन नसेल तर ते हक्क म्हणून मागता येत नाही, असे तेव्हा ठरले.

२००५ मध्ये माहितीचा अधिकार कायदा आला आणि चित्र अर्धे बदलले. ९ ऑगस्ट २०११ रोजी सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तपासलेली उत्तरपत्रिका ही "माहिती" आहे आणि परीक्षार्थीला स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा व तिची प्रत घेण्याचा अधिकार आहे. परीक्षकाचे नाव मात्र उघड करायचे नाही. त्याच निकालात न्यायालयाने दोन मर्यादाही घातल्या. माहिती अधिकारातून पुनर्मूल्यांकन मागता येत नाही. आणि उत्तरपत्रिका जपून ठेवण्याची ठरलेली मुदत संपली असेल तर ती देण्याचे बंधन नाही.

म्हणून जिथे छायाप्रतीची सोय आहे तिथे आधी तीच वापरावी. माहिती अधिकारात उत्तर द्यायला ३० दिवस असतात आणि तोवर पुनर्मूल्यांकनाची मुदत निघून जाते. जिथे परीक्षा घेणारी सार्वजनिक संस्था छायाप्रत देतच नाही, किंवा तिचे शुल्क अवाच्या सवा आहे, तिथे माहिती अधिकार कामाला येतो. कंपनी सेक्रेटरी संस्थेच्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले की संस्थेच्या स्वतःच्या नियमांतील शुल्क वेगळे आणि माहिती अधिकाराचा रस्ता वेगळा. विद्यार्थी त्यांपैकी कोणताही निवडू शकतो. याला मोठा अपवाद लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेचा आहे. यूपीएससीच्या उत्तरपत्रिका आणि कच्चे गुण माहिती अधिकारात सरसकट देता येणार नाहीत, असे न्यायालयाने २०१८ मध्ये अंगेश कुमार प्रकरणात ठरवले. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांनी आदित्य बंदोपाध्याय निकाल आपल्यालाही तसाच लागू होईल असे धरून चालू नये.

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. शुल्क १० रुपये, ते कोर्ट फी स्टँप लावून देता येते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला शुल्क नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडायची. मजकूर इतका पुरे आहे: "मी अमुक परीक्षेस अमुक आसन क्रमांकाने बसलो होतो. अमुक विषयाच्या माझ्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेची, सर्व पुरवण्यांसह, प्रमाणित प्रत मिळावी." "माझ्यावर अन्याय झाला", "मला इतके कमी गुण का दिले" असे प्रश्न अर्जात लिहू नका. कारणे विचारणारा अर्ज फेटाळायला सोपा असतो, कागद मागणारा अर्ज फेटाळायला अवघड. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातील अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिले अपील करावे. तिथेही न्याय मिळाला नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील.

जिथे नाव दिसते ते गुण

आपल्या मुलांच्या मनात एक प्रश्न असतो आणि तो बहुतेक वेळा मोठ्याने विचारला जात नाही: आडनाव पाहून गुण कापले का?

लेखी बोर्ड परीक्षेत परीक्षकाला नाव दिसत नाही. बारकोड असतो, आणि उत्तरपत्रिका दुसऱ्याच शाळेत किंवा गावात तपासली जाते. तिथे चूक झाली तर ती बहुधा घाईची, थकव्याची किंवा निष्काळजीपणाची असते. प्रत्येक चुकीला जातीचे नाव दिले तर खरी तक्रारही हलकी होते. पण प्रात्यक्षिक, तोंडी परीक्षा, प्रकल्प, महाविद्यालयातले अंतर्गत मूल्यमापन इथे नाव, चेहरा आणि वस्ती सगळे ठाऊक असते. विचार करण्यासारखी गोष्ट अशी की छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांची सगळी यंत्रणा लेखी पेपरासाठी आहे. भेदभावाला जिथे सर्वाधिक वाव आहे, नेमक्या त्या गुणांना ती सहसा हात लावत नाही.

महाविद्यालय आणि विद्यापीठ पातळीवर इथे एक साधन आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे. तिच्या अध्यक्ष किंवा सदस्यांपैकी किमान एक स्त्री आणि किमान एक अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील व्यक्ती असावी लागते. मूल्यमापनातील अपारदर्शक किंवा अन्याय्य पद्धत, आणि निकालाला होणारा उशीर, या दोन्ही गोष्टी तक्रारीच्या व्याख्येत येतात. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय मान्य नसेल तर १५ दिवसांत लोकपालाकडे अपील करता येते.

लोकपाल पुनर्मूल्यांकनाची साधी मागणी ऐकत नाही. पण त्याच विनियमात एक अपवाद लिहून ठेवला आहे: निकालावर ठोस परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता, किंवा भेदभावाची विशिष्ट घटना दाखवली तर तो ऐकू शकतो. यातला "विशिष्ट" हा शब्द महत्त्वाचा आहे. "आमच्या मुलांना नेहमीच कमी देतात" हे वाक्य तिथे टिकत नाही. टिकते ते असे: अमुक तारखेची तोंडी परीक्षा, विचारलेला प्रश्न, बोललेले शब्द, हजर असलेले विद्यार्थी, आणि मिळालेले गुण. अंतर्गत परीक्षा झाली त्याच संध्याकाळी हे वहीत लिहून ठेवावे. वर्गातल्या चार-सहा जणांना सारखाच अनुभव आला असेल तर प्रत्येकाने स्वतःच्या संमतीने आपले लेखी आणि अंतर्गत गुण एका तक्त्यात मांडावेत. लेखी परीक्षेत नाव झाकलेले असताना चांगले गुण मिळवणारी मुले नाव दिसताच सातत्याने तळाला जात असतील, तर तो तक्ता समितीपुढे बोलतो. तो एकटा पुरावा ठरणार नाही, पण घटनेच्या नोंदीला बळ देतो.

बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना हे विनियम लागू होत नाहीत. त्यांनी प्रात्यक्षिकाबाबतची लेखी तक्रार प्राचार्यांकडे आणि विभागीय मंडळाकडे, आणि शक्यतो निकाल लागण्यापूर्वीच द्यावी. निकालानंतर दिलेली तक्रार गुण कमी पडल्याचा राग म्हणून बाजूला टाकली जाते.

न्यायालयात कधी जायचे

सगळे रस्ते संपले तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. पण तिथेही फरक तोच आहे. रणविजय सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नियमात पुनर्मूल्यांकन नसताना न्यायालयाने ते फक्त अपवादात्मक परिस्थितीत द्यावे, आणि तेही लांबलचक युक्तिवादाशिवाय चूक स्वच्छ दिसत असेल तरच. शंका असेल तर फायदा परीक्षा मंडळाला, उमेदवाराला नाही. आपल्या उदाहरणातले न तपासलेले पान आणि चुकलेली बेरीज या कसोटीवर उतरतात. प्रश्न २२ ला एक की दोन, हा वाद उतरत नाही. त्यासाठी वकिलावर पैसे घालवू नयेत.

आणि जिथे जाणे योग्य आहे तिथे पैशामुळे थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर धर्मांतरित बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे जातीचे प्रमाणपत्र असलेल्या बौद्ध विद्यार्थ्याला ही सेवा मिळते. स्त्रियांनाही ती उत्पन्नाच्या अटीशिवाय आहे. अर्ज जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे करायचा.

विहारात निकालाच्या आठवड्यात

या साऱ्यात संघटनांचे काम लहान आहे, पण ते नेमक्या पंधरा दिवसांतच होऊ शकते. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून विहारात संध्याकाळी दोन तास एक टेबल लावावे. तिथे इंटरनेट असलेला एक लॅपटॉप, प्रश्नपत्रिकांचा संच आणि शक्य तर विज्ञान, गणित व इंग्रजीचा एकेक शिक्षक असावा. अर्ज तिथेच भरला जावा आणि पावती विद्यार्थ्याच्या फाइलमध्ये लागावी. छायाप्रत आल्यावर पानागणिक तक्ता तिथेच तयार व्हावा, म्हणजे पाच दिवसांतला एकही दिवस वाया जाणार नाही. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले होते की एखादी गोष्ट मोठ्या अधिकाराने सांगितली म्हणून स्वीकारू नका, तपासून पाहा. गुणपत्रिकेलाही हे लागू आहे.

टेबलावर एक छोटा निधीही हवा. एका विषयाचे छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मिळून ७०० रुपये होतात. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात हे पैसे पंधरा दिवसांत उभे राहत नाहीत, आणि चूक मंडळाची असली तरी ती शोधण्याचा खर्च आधी विद्यार्थ्यालाच करावा लागतो. ज्यांना सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पात्र मानते त्यांच्याकडून छायाप्रतीचे शुल्क घेऊ नये, ही मागणी मंडळाकडे आणि सामाजिक न्याय विभागाकडे लावून धरण्यासारखी आहे. विद्यापीठांच्या परिपत्रकांत मागासवर्गीयांसाठी शुल्कात सवलत आहे का, हेही प्रत्येक वेळी पाहावे. असते तिथे ती मागावी लागते.

आणि टेबलावर बसणाऱ्या कार्यकर्त्याने एक काम मात्र निष्ठुरपणे करावे. दहा विद्यार्थी आले तर त्यांतल्या काहींची उत्तरपत्रिका नीट तपासलेलीच निघेल. गुण कमी आहेत कारण उत्तरे अपुरी आहेत. तसे असेल तर छायाप्रत समोर ठेवून, कोणत्या पायरीला गुण गेला हे दाखवून त्याला स्पष्ट सांगावे आणि पुनर्मूल्यांकनाचे ३०० रुपये वाचवावेत. तीच छायाप्रत मग पुढच्या परीक्षेच्या अभ्यासाला उपयोगी पडते.